‘नॉट ओन्ली’ पुढे आलं की कर्ता मागे का सरकतो?

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी परवा एक इंग्रजी पत्र माझ्याकडे तपासायला दिलं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग अर्धवट टाकून गेलेल्या कंत्राटदाराला ते जायचं होतं आणि एक प्रत वकिलांना. मजकूर मुद्देसूद होता, तारखा बरोबर होत्या. अडलं होतं ते तीन वाक्यांत.

“नॉट ओन्ली द कॉन्ट्रॅक्टर डिलेड द वर्क, बट ही ऑल्सो इग्नोअर्ड अवर लेटर्स.”

“हार्डली वी हॅड पेड द सेकंड इन्स्टॉलमेंट दॅन द वर्क स्टॉप्ड.”

“ओन्ली आफ्टर द रेन्स बिगॅन, वी नोटिस्ड द लीकेज.”

इंग्रजी मसुदे तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. चांगलं इंग्रजी लिहिणाऱ्या मराठी माणसाच्या हातून शेवटपर्यंत सुटत नाही अशी एखादी चूक सांगा म्हटलं, तर मी हीच सांगेन. स्पेलिंग पक्कं असतं, काळ पक्के असतात, पण नकाराचा शब्द वाक्याच्या तोंडाशी आला की पुढच्या शब्दांचा क्रम बदलावा लागतो, हे हाताला आठवत नाही. याला इन्व्हर्जन म्हणतात. नियम तसा छोटा आहे. तो कधी लागतो आणि कधी लागत नाही, हे ओळखणं अवघड आहे, आणि ते ओळखायला आपली मराठीच उपयोगी पडते.

आधी नियम. नेव्हर, हार्डली, सेल्डम, नॉट ओन्ली, नॉट अंटिल, अंडर नो सर्कमस्टन्सेस असे शब्द नेहमीच्या जागेवरून उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवले, तर लगेच हेल्पिंग व्हर्ब येतं, मग कर्ता, मग मुख्य क्रियापद. “आय हॅव नेव्हर सीन सच अ बिल” हे सरळ वाक्य. ‘नेव्हर’ पुढे आणलं की ते “नेव्हर हॅव आय सीन सच अ बिल” असं होतं. ‘हॅव’ उडी मारून ‘आय’च्या पुढे गेलं आणि ‘सीन’ जागेवरच राहिलं.

हा क्रम नवा शिकावा लागत नाही, कारण प्रश्न विचारताना आपण तोच वापरतो. “हॅव आय सीन सच अ बिल?” हा प्रश्न तुम्हाला बिनचूक जमतो. प्रश्नचिन्ह काढा, पुढे ‘नेव्हर’ लावा, वाक्य तयार. मी सगळ्यांना हीच युक्ती सांगते. आधी मनात प्रश्न करा, मग त्याच्या डोक्यावर नकाराचा शब्द ठेवा.

सेक्रेटरींच्या पहिल्या वाक्यावर ती वापरून पाहू. “द कॉन्ट्रॅक्टर डिलेड द वर्क” यात हेल्पिंग व्हर्बच नाही. प्रश्न करायचा तर ‘डिड’ आणावं लागतं आणि ते आलं की भूतकाळ त्याच्याकडे जातो, म्हणून ‘डिलेड’चं ‘डिले’ होतं: “डिड द कॉन्ट्रॅक्टर डिले द वर्क?” आता पुढे ‘नॉट ओन्ली’ लावलं की “नॉट ओन्ली डिड द कॉन्ट्रॅक्टर डिले द वर्क” हे बरोबर वाक्य हातात येतं. घाईत इथे ‘डिड’ही येतं आणि ‘डिलेड’ही तसंच राहतं, म्हणजे एकाच वाक्यात भूतकाळ दोनदा. तपासताना ‘डिड’ दिसलं की पुढच्या क्रियापदावर बोट ठेवायचं, ते मूळ रूपात आहे ना एवढं बघायचं. क्रियापद ‘इज’ किंवा ‘वॉज’ असेल तर ‘डू’चं काही काम नाही, तेच पुढे जातं: “नॉट ओन्ली इज द स्लॅब वीक.”

कर्ता लांबलचक असला तरी जागा तीच. “नेव्हर हॅव द मेंबर्स ऑफ द मॅनेजिंग कमिटी सीन...” असंच लिहायचं. ‘हॅव’ आणि ‘सीन’ लांब पडले म्हणून त्यांना एकत्र आणायचा मोह होतो, पण दोघांच्या मधली जागा कर्त्याचीच आहे.

हा क्रम इंग्रजीत आला कुठून? हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला कर्त्याऐवजी दुसरं काही आलं की क्रियापद बहुतेकदा दुसऱ्या जागेवर येई आणि कर्ता त्याच्या मागे जाई. जर्मनमध्ये आजही असंच चालतं. ‘आज’ या शब्दाने वाक्य सुरू केलं की जर्मन माणूस ‘आज येतो मी’ अशाच क्रमाने बोलतो. इंग्रजीने पुढे ‘आधी कर्ता, मग क्रियापद’ अशी घडी बसवली, पण प्रश्नात आणि नकाराने सुरू होणाऱ्या वाक्यात जुना क्रम टिकून राहिला. म्हणूनच अशा वाक्याला थोडा जुना, भारदस्त सूर असतो. २० ऑगस्ट १९४० रोजी ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये चर्चिल लढाऊ वैमानिकांविषयी बोलले, त्यातलं वाक्य आजही उद्धृत होतं: “नेव्हर इन द फील्ड ऑफ ह्यूमन कॉन्फ्लिक्ट वॉज सो मच ओड बाय सो मेनी टू सो फ्यू.” ‘नेव्हर’नंतर आधी सहा शब्दांत युद्धाच्या इतिहासाचा विस्तार येतो, मग ‘वॉज’, मग कर्ता ‘सो मच’, मग ‘ओड’. ‘नेव्हर’ आणि ‘वॉज’ यांच्यामध्ये कितीही शब्द आले तरी नियम सुटत नाही, हे या वाक्यात स्वच्छ दिसतं. तेच वाक्य ‘सो मच वॉज नेव्हर ओड’ असं सरळ केलं तर व्याकरण ठीक राहील, पण ऐकणाऱ्याला सुरुवातीपासून धरून ठेवणारा ताण निघून जाईल.

आता खरा प्रश्न. नकाराचा शब्द पुढे दिसला की दर वेळी क्रम फिरवायचा का? नाही. ही दोन वाक्यं पाहा, फरक फक्त स्वल्पविरामाचा आणि क्रमाचा आहे.

“विथ नो सुपरवायझर वुड द स्टाफ बी हॅपी.”

“विथ नो सुपरवायझर, द स्टाफ वुड बी हॅपी.”

पहिल्याचा अर्थ: कोणताही सुपरवायझर आणा, कर्मचारी खूश होणार नाहीत. दुसऱ्याचा: सुपरवायझरच नसेल, तर कर्मचारी खूश होतील. दोन्हींत ‘नो’ आहे आणि अर्थ उलटे आहेत. मराठी करताना काय झालं ते बघा. पहिल्या वाक्यात नकार सरकत सरकत शेवटच्या क्रियापदापर्यंत पोचला: होणार नाहीत. दुसऱ्यात तो ‘सुपरवायझर नसेल’ एवढ्यातच संपला आणि मुख्य क्रियापद होकारार्थी राहिलं: होतील. इंग्रजीत क्रम फिरतो तो पहिल्या प्रकारात, म्हणजे नकार जेव्हा अख्ख्या वाक्यावर पसरतो तेव्हा. दुसऱ्या प्रकारात तो एका तुकड्यापुरता असतो. त्या तुकड्यानंतर स्वल्पविराम येतो आणि पुढचं वाक्य सरळ जातं. म्हणूनच इन्व्हर्जनच्या वाक्यात नकाराचा तुकडा आणि हेल्पिंग व्हर्ब यांच्यामध्ये स्वल्पविराम घालायचा नसतो.

तर कसोटी अशी की वाक्याचं मराठी करायचं आणि ‘नाही’ मुख्य क्रियापदावर येऊन बसतं का ते बघायचं. “अंडर नो सर्कमस्टन्सेस शॅल द डिपॉझिट बी रिफंडेड” म्हणजे कोणत्याही परिस्थितीत अनामत परत केली जाणार नाही. ‘नाही’ क्रियापदावर आलं, म्हणून क्रम फिरला. “इन नो टाइम ही फिनिश्ड द जॉब” म्हणजे बघता बघता त्याने काम उरकलं. उरकलं, ‘नाही’चा पत्ता नाही, म्हणून क्रम सरळ. “नॉट लाँग अगो, शी जॉइन्ड द बँक” म्हणजे अलीकडेच ती बँकेत लागली. तेही सरळ. ‘नॉट ओन्ली’ तर या कसोटीवर फार छान बसतं: कंत्राटदाराने नुसता उशीर केला नाही, तर पत्रांनाही उत्तर दिलं नाही. पहिल्याच भागात ‘नाही’ क्रियापदावर आहे.

हार्डली, रेअरली, सेल्डम यांच्याशी मात्र ही कसोटी आहे तशी चालत नाही. “सेल्डम डज द लिफ्ट वर्क” याचं मराठी ‘लिफ्ट क्वचितच चालते’. चालते म्हणजे क्रियापद होकारार्थी. आपण फसतो ते इथेच. जेमतेम, क्वचितच, मुश्किलीने हे आपल्या मनात नकाराचे शब्द नाहीत, त्यामुळे क्रम फिरवायचं कारणच वाटत नाही. इंग्रजीत हार्डली, स्केअर्सली, बेअरली, सेल्डम, रेअरली यांना नकाराचाच दर्जा आहे. “ही हार्डली ईट्स” या वाक्याला शेपटी प्रश्न जोडायचा तर तो “डज ही?” असा जोडतात, जसा नकारार्थी वाक्याला जोडतात. प्रमाण इंग्रजीत ‘कान्ट हार्डली’ चुकीचं मानतात तेही यामुळेच, तो दुहेरी नकार होतो.

अशा वेळी मी मराठी वाक्यातला ‘च’ पकडते. क्वचितच चालते, म्हणजे एरवी चालत नाही. पाऊस सुरू झाल्यावरच गळती लक्षात आली, म्हणजे त्याआधी लक्षात आली नव्हती. हा ‘च’ पोटात एक ‘नाही’ बाळगून असतो. तो उकलून दाखवता आला, आणि पोटातला नकार वाक्याच्या मुख्य क्रियेलाच लागू पडत असेल, तर इंग्रजीत क्रम फिरवायचा. ‘ओन्ली आफ्टर’, ‘ओन्ली व्हेन’, ‘ओन्ली देन’ हे सगळं कुटुंब त्यामुळे समजतं. ‘ओन्ली’मध्ये वरवर नकार दिसत नाही, पण ‘त्याआधी नाही’ हे त्यात गृहीत असतं.

प्रत्येक ‘च’ असा नसतो, हेही लक्षात ठेवावं लागतं. “ओन्ली यस्टर्डे आय पेड द बिल” म्हणजे अगदी कालच तर मी बिल भरलं. इथला ‘च’ ‘किती अलीकडे’ एवढंच सांगतो, ‘त्याआधी नाही’ असं काही सुचवत नाही, म्हणून सरळ क्रम बरोबर आहे. आणि “ओन्ली द चेअरमन कॅन साइन” यात ‘ओन्ली’ खुद्द कर्त्याला चिकटलेलं आहे. कर्ताच पहिला आला, मग मागे कोण सरकणार? “नो मेंबर शॅल पार्क हिअर” आणि “नॉट ओन्ली द वॉचमन बट ऑल्सो द मॅनेजर वॉज अ‍ॅब्सेंट” ही वाक्यंही याच कारणाने सरळच राहतात. इन्व्हर्जन नव्याने शिकलेला माणूस उत्साहाने इथेही ‘डिड’ घालतो. ‘नॉट ओन्ली’च्या लगेच पुढे नुसता कर्ता जोडलेला आहे की कर्ता-क्रियापद असलेलं पूर्ण विधान आहे, एवढं बघितलं की ही चूक होत नाही.

वाक्याला दोन भाग असले की कुठला भाग फिरवायचा, यावर बरेच जण अडखळतात. सेक्रेटरींचं तिसरं वाक्य घ्या. पत्र परत देताना मी सांगितलं, “काका, इथे क्रम फिरवावा लागेल.” त्यांनी लगेच खोडून “ओन्ली आफ्टर डिड द रेन्स बिगिन, वी नोटिस्ड द लीकेज” असं लिहिलं. नियम आठवला, पण चुकीच्या भागाला लागला. मी त्यांना विचारलं, “‘त्याआधी नाही’ हे कशाला लागू आहे? पावसाला की गळती दिसण्याला?” ते म्हणाले, “गळती दिसण्याला.” मग फिरायचं तिथेच. ‘ओन्ली आफ्टर द रेन्स बिगॅन’ हा सगळा मिळून पुढे आणलेला एक तुकडा आहे, तो आतून हलवायचा नाही. मुख्य विधान फिरतं: “ओन्ली आफ्टर द रेन्स बिगॅन डिड वी नोटिस द लीकेज.” ‘नॉट अंटिल’चंही असंच: “नॉट अंटिल द वर्क वॉज इन्स्पेक्टेड डिड वी पे.” अंटिलचा भाग सरळ, पे करण्याचा भाग फिरलेला.

‘हार्डली’ आणि ‘नॉट ओन्ली’ यांचं उलट असतं. त्यांच्यात नकाराचा शब्द पहिल्याच विधानाला लागतो, म्हणून पहिला भाग फिरतो आणि ‘व्हेन’ किंवा ‘बट’नंतरचा भाग सरळ राहतो. “...बट डिड ही ऑल्सो इग्नोअर” असं दोन्हीकडे फिरवलेलं वाक्य मी पुष्कळदा वाचलं आहे. ते चूक आहे.

राहिलं दुसरं वाक्य. त्यात क्रमही चुकला होता आणि जोडशब्दही. ‘हार्डली वी हॅड पेड’चं ‘हार्डली हॅड वी पेड’ करायचं, इथे ‘हॅड’ आधीच आहे म्हणून ‘डिड’ची गरज नाही. पण पुढे ‘दॅन’ चालत नाही, ‘व्हेन’ हवं. शाळेत आपण ‘नो सूनर... दॅन’ वापरून वाक्यं फिरवण्याचा इतका सराव केलेला असतो, की ‘दॅन’ जिभेवर बसलेलं असतं. शिवाय मराठीत दोन्हींचं काम एकच ‘तोच’ करतो: हप्ता भरतो न भरतो, तोच काम थांबलं. इंग्रजीत मात्र ‘सूनर’ हे तुलनेचं रूप आहे, ‘बेटर’ किंवा ‘टॉलर’सारखं, आणि तुलनेला ‘दॅन’ लागतं. ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’ यांत तुलना नाही, त्यांत वेळ आहे, म्हणून ‘व्हेन’. म्हणजे “हार्डली हॅड वी पेड द सेकंड इन्स्टॉलमेंट व्हेन द वर्क स्टॉप्ड” किंवा “नो सूनर हॅड वी पेड द सेकंड इन्स्टॉलमेंट दॅन द वर्क स्टॉप्ड.”

तिन्ही वाक्यं दुरुस्त झाल्यावर पत्र मोठ्याने वाचून पाहिलं आणि ते खटकलं. व्याकरणाची एकही चूक उरली नव्हती, पण लागोपाठ तीन फिरवलेली वाक्यं आली की लिहिणारा टेबलावर हात आपटतो आहे असं वाटतं. इन्व्हर्जन हा जोर देण्याचा मार्ग आहे आणि सलग तीन ठिकाणी जोर दिला की तो कुठेच लागत नाही. माझा अंदाज असा असतो की एका पानाच्या पत्रात एक, फार तर दोन. नियमावलीत आणि करारात ‘अंडर नो सर्कमस्टन्सेस शॅल’ किंवा ‘अ‍ॅट नो टाइम शॅल’ हे ठरलेलंच आहे, तिथे ते पुन्हा पुन्हा आलं तरी कानाला खुपत नाही. पण पत्रात, अहवालात किंवा प्रबंधात ते राखून ठेवावं.

मग कुठलं ठेवायचं? आम्ही दोघांनी विचार केला की वकिलांना या पत्रातून सगळ्यात आधी काय कळायला हवं. उशीर आणि अनुत्तरित पत्रं यांचा पुरावा जोडलेला होताच, त्याला जोर देण्याची गरज नव्हती. पैसे हातात पडताच काम थांबलं, हा मुद्दा महत्त्वाचा होता. म्हणून पहिलं वाक्य साधं केलं: “द कॉन्ट्रॅक्टर डिलेड द वर्क अँड इग्नोअर्ड अवर लेटर्स.” तिसरंही साधं: “वी नोटिस्ड द लीकेज ओन्ली आफ्टर द रेन्स बिगॅन.” ‘ओन्ली आफ्टर’ मागे गेलं की क्रम आपोआप सरळ होतो, अर्थ जराही हलत नाही. मधलं ‘हार्डली हॅड वी पेड’ तेवढं ठेवलं आणि त्याला स्वतंत्र परिच्छेद दिला, खाली हप्ता भरल्याची तारीख आणि काम थांबल्याची तारीख. सेक्रेटरींनी ते पुन्हा एकदा वाचलं, ‘हॅड’खाली पेन्सिलीने एक रेघ मारली, आणि पत्र टाइप करायला दिलं.